ओटी घेतली, तक्रार नाही सोडली

साळुबाईला हळू बोलता येत नसे. त्यात तिचा दोष नाही. माहेर आणि सासर दोन्हीकडं मेंढरं, आणि या डोंगराच्या माथ्यावरून त्या डोंगराच्या पायथ्याला हाळी द्यायची तर कुजबुजून कसं भागणार? त्यामुळं तिनं शेजारच्या ठकूबाईला "मीठ हाय का गं" एवढं विचारलं तरी आळेफाट्यावरच्या गॅरेजातला मेकॅनिक हातातला पाना थांबवून बघायचा. चालणंही बोलण्यासारखंच, सुसाट. राग नाकावर. ठकूबाई म्हणायची, "आमची साळू फटकळ हाय, पन पोटात काय ठेवत न्हाई." आणि हे सांगणारी ठकूबाई आठवड्यातून एकदा तरी तिच्या तोंडाच्या पट्ट्यात सापडायचीच.

नवरा राघू दिवाळी झाली की मेंढरं घेऊन माळशेज उतरून कोकणात जायचा, तो पावसाच्या तोंडाला परत. पूर्वी साळुबाईही जायची. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या आणि कोंबड्यांच्या वर पोर. पण मुलगी ऋतिका शाळेत घालायच्या वयाची झाली आणि साळुबाईनं सांगून टाकलं, की मी आता वाड्याबरोबर येणार नाही. त्यांच्याकडं मेंढरांच्या तळाला वाडा म्हणतात. सासूनं अबोला धरला, दिरानं टोमणे मारले, राघूनं डोकं खाजवलं आणि तो एकटा गेला. तेव्हापासून साळुबाई वाडीत राहून कांद्याच्या वावरात रोजानं जायची आणि पोरीला शाळेत धाडायची. घराण्यात दहावी झालेलं कुणी नव्हतं. ऋतिका व्हायची होती.

गावातलं विद्यालय तिथल्याच एका शिक्षण संस्थेचं. संस्थेची ही एकच शाळा, सरकारी अनुदानावर चाललेली. गणिताला सुदर्शन सर. खोटं कशाला बोला, माणूस शिकवायला पट्टीचा. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं पुण्याला इंजिनिअर झाली. हात मात्र लांब. पट्टी, डस्टर, काही मिळालं नाही तर पंजा. गावाला त्याचंही कौतुकच होतं. साळुबाई तरी कुठं वेगळी? ऋतिका पाचवीत गेली तेव्हा शाळेच्या पायरीवर उभं राहून, सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं सरांना सांगितलं होतं, "चुकली तर ठोका सर. हाडं आमची, मास तुमचं." सर हसले होते. सगळ्याच आया असं म्हणतात.

नववीतली दिवाळी आली. त्या वर्षी राघूच्या जोडीचा गडी आजारी पडला, म्हणून ऋतिका बापाबरोबर मेंढरं घाटाखाली पोचवायला गेली. सुट्टी संपल्यावर ती आठवडाभर उशिरा शाळेत आली. पहिलाच तास गणिताचा. सरांनी विचारलं, "कुठं होतीस?" तिनं खरं सांगितलं. "मेंढरंच वळायची तर इथं जागा कशाला अडवतेस?" असं म्हणून सर हसले, वर्गही हसला. ऋतिका हसली नाही. ती म्हणाली, "सर, माझा अभ्यास झालाय, विचारून बघा." उलट बोलते म्हणून सरांनी जो पंजा हाणला तो डाव्या कानावर बसला.

पोरगी घरी आली ती कान धरून. रात्रभर कानात शिट्टी वाजत होती, सकाळी उशीला डाग होता. साळुबाईनं तिला उचलली आणि तडक नारायणगावला कानाच्या डॉक्टरकडं नेली. डॉक्टरनं नळीतून बघितलं आणि सांगितलं, पडदा फाटलाय. औषध दिलं, पाणी जाऊ देऊ नका म्हणाला, पडदा भरेल पण पूर्वीसारखं ऐकू येईलच असं नाही म्हणाला. कशानं झालं तेही विचारलं आणि चिठ्ठीवर लिहून दिलं.

साळुबाई तिथून निघाली ती थेट शाळेत जाऊन सरांची गचांडी धरायला. एसटीत तिच्या शेजारी बसायला कुणी धजावलं नाही. पण फाट्यावर उतरताना ऋतिकानं तिचा पदर धरला. "आई, तू तिथं वरडलीस तर पोरं मला आजून हसतील. मला न्हाई जायचं त्या शाळेत. मी आबांकडं जाते, कोकणात, मेंढरामागं."

साळुबाई शाळेकडं वळायची ती घराकडं वळली. रागाला औषध असतं, पण ह्याला काय करायचं? पोरीनं मान खाली घालून सांगितलं होतं, आणि ती हट्टाची होती, आईचीच लेक. दुसऱ्या दिवशी राघूचा फोन आला, कोकणातल्या कुणाच्या तरी मोबाइलवरून. तो बिचारा सरळ म्हणाला, "नगं म्हनती तर लावून दी इकडं. मानसाची गरज हायेच. उन्हाळ्यात स्थळंबी बघू." साळुबाईनं फोन ठेवला आणि चुलीपुढं बसून राहिली. नववीची परीक्षा एप्रिलात. तोवर पोरगी शाळेत परतली नाही तर नववी गेली, दहावी गेली, आणि उन्हाळ्यात अक्षता. एवढं सरळ गणित तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"पोलिसात जा," कुणी म्हणालं. पण चौकीत पोरीला उभी करायची, हे तिच्या जिवावर आलं. "अर्ज कर," ठकूबाई म्हणाली. ठकूबाईची हर्षाली ऋतिकाच्याच वर्गात, तिनं सगळं डोळ्यांनी बघितलेलं. दोघी जणी जुन्नरला गेल्या. तहसील कचेरीच्या बाहेर भिकाभाऊ अर्ज लिहायला बसायचे. सातबाऱ्यापासून सोडचिठ्ठीपर्यंत काहीही लिहून देत. त्यांनी चष्मा चढवला, पेन झटकलं आणि साळुबाई सांगत असताना 'सदरहू' आणि 'उपरोक्त' यांची अशी पेरणी केली की वाचून दाखवल्यावर दोघींना आपल्याच पोरीची हकिकत ओळखू येईना. पण शेवट जोरदार होता: "तरी सदर शिक्षकाची तात्काळ अन्य ठिकाणी बदली करण्यात यावी, ही नम्र विनंती."

बदली हा शब्द ऐकून साळुबाईला हुरूप आला. वाडीच्या मराठी शाळेतल्या मास्तरची गावानं अर्ज करून एकदा बदली केली होतीच की. तिनं वाडीत फिरून सह्या आणि अंगठे घेतले. बायकांनी हिरिरीनं दिले. अर्ज घेऊन ती जुन्नरच्या पंचायत समितीत शिक्षण विभागात हजर.

तिथं शिक्षण विस्तार अधिकारी होत्या वृषाली मॅडम. वयानं लहान, आवाजानं त्याहून लहान. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"मावशी, बदली कुठं करायची?"

"कुटंबी. लांब. घाटाखाली."

"ही जिल्हा परिषदेची शाळा नाही. सरांना पगार सरकार देतं, पण नेमणूक संस्थेची. आणि संस्थेची एकच शाळा आहे. म्हणजे त्यांची बदली या वर्गातून त्या वर्गातच होणार. तुम्ही असा अर्ज दिलात तर मागणी नियमात बसत नाही, एवढ्या एका ओळीत तो दप्तरी लागेल."

साळुबाईनं भिकाभाऊंच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मॅडमनी तो संपेपर्यंत वाट बघितली आणि मग एक-एक गोष्ट सांगितली. बदली मागू नका, चौकशी आणि नियमाप्रमाणं कारवाई मागा. वर्गात मुलाला मारायला मनाई आहे, हे शाळेलाही ठाऊक आहे. कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला, कशानं मारलं, कुणी बघितलं, डॉक्टर काय म्हणाला, एवढंच लिहा. शिव्या लिहू नका. अर्ज संस्थेच्या अध्यक्षांच्या नावे, कारण कारवाईचा हक्क त्यांचा. एक मुख्याध्यापकांना. आणि एक पुण्याला, जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांना, कारण हायस्कूल त्यांच्या अखत्यारीत. डॉक्टरच्या चिठ्ठीची झेरॉक्स जोडा, मूळ चिठ्ठी कुणालाही देऊ नका. आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय हलू नका.

"शिक्का न्हाई दिला तर?"

"तर पोस्टानं रजिस्टर करा, पोचपावती मागून."

नवा अर्ज हर्षालीनं लिहिला, शुद्ध अक्षरात, साध्या भाषेत. घटना ऋतिकानं स्वतः सांगितली. सांगताना ती एकदाही रडली नाही, आणि साळुबाईला मात्र सारखा धुराचा त्रास होत होता, चूल विझलेली असताना. यावेळी सह्या मात्र आटल्या. गणिताचे मार्क सरांच्या हातात, प्रात्यक्षिकांची वही शाळेच्या हातात. कोण वैर घेणार? मागच्या अर्जावर हिरिरीनं अंगठा देणाऱ्या बायकांच्या हाताला नेमकं त्याच दिवशी पीठ लागलेलं होतं. ठकूबाईनं सही केली. साळुबाईनं केली. बस्स.

शाळेत शिपाई म्हणाला, हेडसर नाहीत. हेडसर खिडकीतून दिसत होते. साळुबाईनं तोंड उघडलं, मग मॅडमचं बोलणं आठवून मिटलं, आणि गेली पोस्टात. तिन्ही पाकिटं रजिस्टर केली. आयुष्यात तिनं पहिल्यांदा पुण्याला पत्र धाडलं होतं. पाकिटावर ठप्पा पडला तेव्हा तिला एवढा जोर चढला की फाट्यावर येऊन तिनं ठकूबाईला भेळ खाऊ घातली आणि वर चहा पाजला. काही दिवसांनी पोचपावत्या घरी आल्या. हेडसरांची सही त्यातल्या एकीवर होतीच. खिडकीतल्या माणसाला पोस्टमन सापडला होता.

मग पुण्याहून संस्थेला पत्र आलं: प्रकरणाचा खुलासा सात दिवसांत सादर करा. हे वाडीला कळलं कसं? तर संस्थेचे अध्यक्ष भगवंतअण्णा चावडीवर भडकले तेव्हा. अण्णा म्हणजे गावातलं जुनं, मोठं घर. शाळेला जमीन त्यांच्या वडलांनी दिलेली. शाळेला बोट लावलं म्हणजे वडलांच्या फोटोला लावलं असं त्यांना वाटायचं. पण भडकून भागण्यासारखं नव्हतं, पत्रावर जावक क्रमांक होता. तेव्हा अण्णांनी आपला जुना, हमखास मार्ग काढला.

संक्रांत झाली होती. एके दुपारी साळुबाईच्या अंगणात मोटार थांबली. अण्णा उतरले, मागून सुदर्शन सर, आणि सरांची बायको, हातात हळदी-कुंकवाचं ताट. अण्णा खाटेवर बसले. म्हणाले, "साळुबाई, लेकरांत आन मास्तरात व्हायचंच. सरांना बी वाईट वाटतंय." सर मान खाली घालून उभे होते. त्यांना वाईट वाटत होतं की अपमान वाटत होता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं, कदाचित दोन्ही. तोवर सरांच्या बाई घरात आल्या, साळुबाईला पाटावर बसवलं, हळद-कुंकू लावलं आणि तिच्या पदरात नारळ, तांदूळ, खण घातला.

आता संक्रांतीचे दिवस, दारात आलेली सवाष्ण, ओटी नाकारायची कशी? नवरा घाटाखाली असताना कुंकवाला नाही म्हणणारी बाई त्या मुलखात जन्मायची होती. साळुबाईनं पदर पसरला, वाकून नमस्कार केला, तिळगूळ दिला, चहा केला. अण्णांनी दोन कप घेतले आणि खुशीत निघून गेले. ऋतिका आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसली होती. ती एवढंच म्हणाली, "मिटलं का?"

"कशाचं मिटलं? बाईनं ओटी भरली," साळुबाई म्हणाली. पण शंका आली म्हणून तिनं तो नारळ फोडला नाही, फळीवर ठेवून दिला.

आणि शंका खरी ठरली. आठवडे गेले, कुणी चौकशीला येईना. शेवटी साळुबाईनं नवं लुगडं नेसलं, ठकूबाईला उठवलं आणि पहाटेची पुण्याची एसटी धरली. जिल्हा परिषदेच्या कचेरीत जिने चढून, चार टेबलं फिरून त्या माध्यमिक विभागात पोचल्या. कारकुनानं फाइल काढली आणि वाचून दाखवलं. शाळेनं खुलासा केला होता: 'सदर प्रकरणी उभय पक्षांत सामंजस्य झाले असून पालकांनी नारळ व मानपान स्वीकारला आहे. सबब तक्रार शिल्लक नाही.'

साळुबाईला एकदम सगळं दिसलं. ती खाट, ते दोन कप, ते ताट. मग तिचा जो आवाज लागला त्यानं कचेरीतली कीबोर्डची खटखट बंद पडली. "ओटी घेतली म्या, तक्रार न्हाई सोडली. सवाष्णीला माघारी लावू का? मग सांगा की सायबाला, ह्येंच्या शाळेत कुंकू लावून तक्रारी मिटवत्यात म्हून."

आतल्या केबिनचं दार उघडलं. शिक्षणाधिकारी स्वतः बाहेर आले, कोण ओरडतंय बघायला. त्यांनी फाइल मागवली. "तक्रार मागे घेतल्याचा यांच्या सहीचा कागद आहे?" कारकुनानं पानं उलटली. नव्हता. "आणि असता तरी," साहेब म्हणाले, "मूल जखमी झाल्याचं प्रमाणपत्र फाइलला आहे. हे काय दोन शेतकऱ्यांच्या बांधाचं भांडण आहे का आपसात मिटवायला?" त्यांनी तिथंच शेरा मारला: विस्तार अधिकाऱ्यांमार्फत समक्ष चौकशी करून अहवाल मागवा.

परतीच्या एसटीत साळुबाई खिडकीशी बसून सबंध वाट बोलत होती. राजगुरुनगर गेलं, मंचर गेलं, कळंब गेलं, तिला पत्ता नाही. ठकूबाई झोपली तरी हिचं चालूच. कंडक्टरलासुद्धा प्रकरण पाठ झालं.

चौकशीला आल्या त्या वृषाली मॅडमच. गावात बातमी आधीच फुटली होती, पटांगणात ही गर्दी. अण्णा आले, संस्थेचे दोन सदस्य आले. हेडसरांनी आपल्या खोलीत खुर्च्या मांडल्या आणि एका खुर्चीवर सुदर्शन सरांना बसवलं. मॅडम दारातच थांबल्या.

"मुलांचे जबाब घेताना सर इथं बसणार नाहीत. तुम्हीही नाही. मुलासोबत त्याचे पालक बसतील."

आवाज तोच, लहान. पण हेडसर उठले. साळुबाईला वाटलं, आपण जन्मभर उगाचच ओरडलो की काय.

पहिल्या तिघा पोरांनी काही बघितलंच नव्हतं. एक पाणी प्यायला गेला होता, दुसरा वाकून पेन्सिल शोधत होता, तिसऱ्याला त्या दिवशी ताप होता. बाहेर साळुबाईचा जीव वरखाली. मग हर्षाली आत गेली, ठकूबाईबरोबर. बराच वेळ दार उघडलं नाही. बाहेर आली तेव्हा पोरीचे कान लाल झाले होते, पण ती पटांगणात मैत्रिणींकडं गेली आणि म्हणाली, "मॅडम शांतपणे विचारत्यात. आपण सांगायचं आणि वाचून मगच सही करायची." एवढ्यानं काय जादू झाली कोण जाणे. एक मुलगी उठली, तिच्यामागं दुसरी, मग पोरंही. पेन्सिल शोधणारा परत आत गेला, त्याला आता सगळं आठवलं होतं. कुणाचं बोट सुजलं होतं, कुणाच्या पाठीवर डस्टर बसलं होतं. हाताला पीठ लागलेल्या आया पदर सावरत पोरांमागं दारात उभ्या राहिल्या. साळुबाईला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं.

शेवटी सुदर्शन सरांना बोलावलं, पालकांसमोर आणि अण्णांसमोर. सरांनी नाकारलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. म्हणाले, "मारलं. मीही असाच मार खाऊन शिकलो. आणि याच बाई पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या होत्या, हाडं आमची, मांस तुमचं. विचारा त्यांना."

सगळे साळुबाईकडं वळले. अण्णांच्या मिशीत हसू आलं.

"म्हनले व्हते," साळुबाई म्हणाली. "सगळ्या गावाला ऐकू गेलंय, नाय कशी म्हनू? चुकलं माजं. मला वाटलं, मास्तर म्हंजी आईबापासारका, मारून मारून किती मारंल. पन मला येक सांगा सर. कान हाडात धरायचा का मासात? तुमच्या वाटनीचा का आमच्या?"

मॅडमनी हे सगळं लिहून घेतलं. साळुबाईनं विचारलं, "आता ह्येंला घरी बसवनार ना?" मॅडम म्हणाल्या, नोकरीवरून काढायचं तर चौकशी समिती नेमावी लागते, ते लांब काम आहे, आणि ते संस्थेनं करायचं. मी अहवालात मारहाण सिद्ध झाली एवढं लिहीन. संस्थेनं नियमाप्रमाणं शिक्षा द्यावी असं कार्यालय कळवेल. साळुबाईचं तोंड पडलं. तिच्या मनात सर गाठोडं घेऊन फाट्यावर उभे असल्याचं चित्र होतं.

मॅडम ऋतिकाकडं वळल्या. "तुला काय हवंय? शाळेत येशील?"

ऋतिकानं आधी आईकडं बघितलं. साळुबाईनं ओठ दातात धरले. एवढा वेळ गप्प बसल्याचं तिला आठवत नव्हतं.

"सरांनी मला मारलं वर्गात," ऋतिका म्हणाली. "हसले बी वर्गात. आन वाईट वाटलं ते आमच्या अंगणात सांगितलं, अण्णांनी. मला नारळ नकोय. जिथं मारलं तिथं सांगू दे."

अण्णा उसळले, "मास्तरनं पोरांपुढं माफी मागायची? असं कुठं नियमात हाय?"

"नियमात नाही," मॅडम म्हणाल्या, "पण मनाईही नाही. ते सरांच्या मनावर आहे." आणि त्यांनी कागद आवरले.

पुढं अहवाल पुण्याला गेला. तिथून संस्थेला पत्र, मग शाळा समितीची बैठक, सरांना कारणे दाखवा नोटीस, त्यांचा खुलासा, आणि ठराव: एका वर्षाची वेतनवाढ रोखणे. त्याची प्रत साळुबाईला रजिस्टर पोस्टानं आली. तिनं ती ठकूबाईकडून वाचून घेतली, पुन्हा पुन्हा. पण ऋतिका जागची हलली नव्हती. होळी झाली. राघूचा पुन्हा फोन आला, कोकणात उन्हं तापायला लागली, आता कधी धाडतेस म्हणून. कागद जिंकला होता आणि पोरगी हरत चालली होती. साळुबाईला जेवण जाईना.

आणि एका सकाळी शाळेचा शिपाई, तोच, सायकल दामटत वाडीत आला. सरांनी बोलावलंय म्हणाला. दोघींना, पहिल्या तासाला. सरांनी स्वतःच, कुणी सांगितलं नाही.

साळुबाई पोरीच्या पुढं दहा पावलं धावत होती. ऋतिका आपल्या चालीनं. वर्ग भरलेला. साळुबाई व्हरांड्यात खिडकीशी थांबली. ऋतिका आपल्या बाकाशी जाऊन उभी राहिली. सुदर्शन सर फळ्यापाशी होते. हातात खडू नव्हता, पट्टी नव्हती, आणि मोकळ्या हातांचं काय करावं ते त्यांना समजत नव्हतं. ते जमिनीकडं बघत काहीतरी पुटपुटले. पुढच्या बाकाला ऐकू गेलं असेल, नसेल.

साळुबाईनं आवाज लावायला छाती भरून घेतली. पण तिच्या आधी ऋतिका बोलली, खणखणीत, सबंध शाळेला ऐकू जाईल अशी. तोवर कुणाला ठाऊकच नव्हतं की पोरीनं आईचा आवाज घेतलाय.

"सर, जरा मोठ्यानं सांगा. मला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई."

वर्गात कुणी हसलं नाही. सरांनी मान वर केली, तिच्याकडं बघितलं, आणि मोठ्यानं सांगितलं. मग ऋतिका बाकावर बसली आणि तिनं दप्तरातून गणिताची वही काढली.